खलिफाची तलवार गेली, नाव राहिले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खलिफा म्हटले की डोळ्यांपुढे दोन चित्रे येतात. एक, ज्याच्या हुकुमाने इराणपासून इजिप्तपर्यंत फौजा हलत, त्या खलिफाचे. दुसरे, १९२४ सालच्या मार्च महिन्यात इस्तंबूलच्या राजवाड्यातून पहाटे बाहेर काढून रेल्वेत बसवून दिलेल्या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाचे. पद दोघांचे एकच. मधल्या काळात या पदाचे काय झाले, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. जास्त वेळ दहाव्या शतकातल्या बगदादवर दिला आहे, कारण खरा सांधा तिथे बदलला असे माझे मत आहे.

‘खलिफा’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

मागे राहिलेला, दुसऱ्याच्या जागी आलेला. वारस आणि प्रतिनिधी या दोन्ही छटा या अरबी शब्दात आहेत, आणि पुढचा निम्मा वाद याच दुहेरीपणातून निघाला. पैगंबर मुहंमद ६३२ साली मदिनेत वारले तेव्हा त्यांची जागा घेणाऱ्या हजरत अबू बकर यांना ‘खलिफतु रसूलिल्लाह’, म्हणजे अल्लाहच्या प्रेषिताचे वारस, म्हणू लागले. कोणीतरी त्यांना ‘अल्लाहचा खलिफा’ म्हटले तेव्हा त्यांनी ते नाकारले, अशी परंपरा आहे. पुढच्या उमय्यद खलिफांना असा संकोच वाटला नाही. अब्द अल-मलिकच्या काही नाण्यांवर ‘खलिफतुल्लाह’ असे सरळ कोरलेले आहे. शब्दातला हा छोटासा बदल म्हणजे ‘मी प्रेषितानंतरचा कारभारी’ पासून ‘मी देवाचा माणूस’ पर्यंतचा प्रवास.

एक गोष्ट पहिल्यापासून स्पष्ट होती. खलिफा पैगंबर नव्हता. त्याच्याकडे ईश्वरी संदेश येत नव्हता. फौज, न्याय, कर, नमाजाचे नेतृत्व हे सारे त्याच्याकडे आले, फक्त प्रेषितत्व आले नाही.

पहिले चार खलिफा निवडून आले होते का?

आजच्या अर्थाने निवडणूक नाही, पण वारसाहक्कही नाही. चौघेही वेगवेगळ्या रीतीने पदावर आले. अबू बकर यांची निवड मदिनेत बनू साइदा या कुळाच्या मांडवात घाईघाईने झालेल्या बैठकीत झाली. त्यांनी मरताना उमर यांचे नाव सुचवले. उमर यांनी जखमी अवस्थेत सहा जणांची समिती नेमली आणि तिने उस्मान यांना निवडले. ६५६ साली उस्मान यांचा त्यांच्याच घरात बंडखोरांनी खून केला आणि त्या धुमाळीत मदिनेतल्या लोकांनी पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली यांना ‘बैत’ दिली. बैत म्हणजे हातात हात देऊन केलेली निष्ठेची कबुली. अली यांच्या अनुयायांचे म्हणणे असे की हा हक्क पहिल्या दिवसापासून त्यांचाच होता. शिया-सुन्नी फाट्याचे मूळ तिथे आहे.

रीती चार असल्या तरी एक गोष्ट समान होती. खलिफा मशिदीत लोकांसमोर उभा राहत असे, त्याला प्रश्न विचारता येत, आणि तो स्वतः नमाज पढवत असे. पुढे काय काय गळून गेले हे मोजायला हे लक्षात ठेवले पाहिजे.

मग पद घराण्यात कधी गेले?

६६१ साली अली यांचा कूफामध्ये खून झाला आणि सीरियाचा सुभेदार, उमय्यद घराण्यातला मुआविया, खलिफा झाला. राजधानी दमास्कसला गेली. त्याने हयातीतच मुलगा यझीद याच्यासाठी बैत घेतली. ६८० साली करबलामध्ये अली यांचे पुत्र हुसेन मारले गेले ते याच यझीदच्या कारकिर्दीत. बैत घेण्याची पद्धत पुढेही राहिली, पण निवड आधीच झालेली असे. बैत हा राज्यारोहणाचा एक विधी बनला.

७५० साली उमय्यदांना उलथून अब्बासी आले. पैगंबरांचे काका अब्बास यांचे हे वंशज. ७६२ मध्ये अल-मन्सूरने बगदादची पायाभरणी केली. आता खलिफा पडद्याआड बसू लागला आणि त्याला भेटायला हाजिबाची, म्हणजे द्वारपालाची, परवानगी लागू लागली.

खलिफाला धर्माचे नियम ठरवता येत होते का? पोपसारखे?

नाही. एकाने प्रयत्न केला आणि तो फसला. ८३३ साली अल-मामूनने फर्मान काढले की कुराण ‘निर्मित’ आहे, म्हणजे अनादी नसून देवाने निर्माण केलेले आहे, हे प्रत्येक काझीने मान्य करावे. न मानणाऱ्यांची चौकशी सुरू झाली. तिला ‘मिहना’ म्हणतात. अहमद इब्न हंबल या विद्वानाने मान्य करायचे नाकारले, त्याने तुरुंग भोगला, फटके खाल्ले आणि तो बगदादच्या सामान्य माणसाचा नायक झाला. मामूननंतर तिसऱ्या खलिफाने, अल-मुतवक्किलने, हा प्रकार बंद केला.

याचा परिणाम फार दूरचा झाला. धर्म काय सांगतो हे ठरवणार ते उलेमा, म्हणजे धर्मपंडित, खलिफा नव्हे, हे पक्के झाले. म्हणजे तलवार जाण्याच्या शंभर वर्षे आधीच खलिफाच्या हातून शास्त्र निसटले होते. पोपशी तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सैन्य हातातून कसे निसटले?

त्याची सुरुवात खलिफाने स्वतःच केली. अल-मुतसिमला अरब आणि खुरासानी सरदारांवर भरवसा नव्हता. त्याने मध्य आशियातून तुर्क गुलाम विकत आणून त्यांची खडी फौज उभारली. हिशेब असा की या लोकांना ना गाव ना गोत, मग ते मालकाशीच इमान राखणार. बगदादकरांशी त्यांच्या मारामाऱ्या होऊ लागल्या तेव्हा ८३६ मध्ये त्याने राजधानीच उचलून समर्राला नेली. तिथे खलिफा आपल्या रक्षकांमध्ये एकटा पडला.

८६१ साली याच रक्षकांनी मुतवक्किलचा रात्रीच्या मैफलीत खून केला. पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा झाले. नंतरच्या इतिहासग्रंथांत एक किस्सा येतो: अल-मुताझ गादीवर बसला तेव्हा दरबाऱ्यांनी ज्योतिष्यांना विचारले, हा किती वर्षे राज्य करील? तिथला एक विनोदी गृहस्थ म्हणाला, हे मला ज्योतिष्यांपेक्षा चांगले माहीत आहे, तुर्कांची मर्जी असेल तितकी वर्षे. सगळे हसले. तीन-साडेतीन वर्षांनी तुर्कांनी पगारासाठी मुताझला पायउतार केले आणि तो कोठडीत मेला.

पगार हा शब्द महत्त्वाचा. खड्या फौजेला रोकड लागते, आणि रोकड येत होती दक्षिण इराकच्या कालव्यांखालच्या शेतीतून. दूरच्या सुभ्यांनी महसूल पाठवणे एकेक करून थांबवले तसा सारा भार या शेतीवर आला. ९३६ साली खलिफा अर-राझीने हात टेकले. त्याने इब्न राइक या सरदाराला ‘अमीर अल-उमरा’, सरदारांचा सरदार, केले. फौज आणि महसूल दोन्ही त्याच्याकडे गेले. दुसऱ्याच वर्षी या इब्न राइकने प्रतिस्पर्ध्याची वाट अडवण्यासाठी नहरवान कालवा फोडला. शत्रू थांबला नाही, पण मोठ्या टापूचे पाणी गेले. पुढे ज्याच्या हाती इराक आला त्याच्या हाती आधीपेक्षा गरीब इराक आला. जुने इतिहासकार अर-राझीला शुक्रवारचे प्रवचन स्वतः देणारा शेवटचा खलिफा म्हणतात. मशिदीत लोकांसमोर उभे राहण्याची जी रीत मदिनेत सुरू झाली होती, ती इथे संपली.

९४५ साली नक्की काय घडले?

कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतून, दैलममधून, तीन भाऊ भाडोत्री सैनिक म्हणून बाहेर पडले आणि पश्चिम इराणचे धनी झाले. हे बुवैही. त्यांतला धाकटा अहमद डिसेंबर ९४५ मध्ये बगदादला आला. लढाई झाली नाही. खलिफा अल-मुस्तक्फीने त्याचे स्वागत केले, अमीर अल-उमरा केले आणि ‘मुइझ अद-दौला’, राज्याला बळ देणारा, हा किताब दिला. भावांनाही किताब मिळाले.

काही आठवड्यांतच, जानेवारी ९४६ मध्ये, भर दरबारात दोन दैलमी पुढे झाले. ते हाताचे चुंबन घ्यायला आले असे समजून खलिफाने हात पुढे केला. त्यांनी तोच हात धरून त्याला गादीवरून खाली ओढले, त्याचा फेटा गळ्यात अडकवला आणि फरफटत नेले. मग त्याचे डोळे काढले.

डोळेच का, असे पुष्कळ जण विचारतात. शास्त्राप्रमाणे खलिफा अव्यंग हवा, आंधळा माणूस पदावर बसू शकत नाही. म्हणजे खून न करता माणूस कायमचा बाद. अल-काहिर आणि अल-मुत्तकी यांचीही हीच गत आधी झाली होती. त्यामुळे ९४६ साली डोळे काढलेले तीन माजी खलिफा एकाच वेळी हयात होते. या पदाची त्या वेळची अवस्था सांगायला मला याहून नेमका तपशील माहीत नाही.

बुवैही तर शिया होते. सुन्नी खलिफा त्यांनी ठेवलाच कशाला?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच. मुइझ अद-दौलाच्याही मनात आले होते की अब्बासी काढून अलींच्या वंशातला कोणी बसवावा. इतिहासकार इब्न अल-असीर सांगतो की एका सल्लागाराने त्याला थांबवले. सल्ला असा: आत्ताच्या खलिफाचा हक्क तुम्हालाही मान्य नाही आणि तुमच्या माणसांनाही. त्याला मारा म्हणालात तर ते मारतील. पण ज्याचा हक्क खरा असे तुमची माणसे मानतात तो गादीवर बसला, आणि त्याने तुम्हालाच मारायचा हुकूम दिला, तर तेही पाळतील.

मुइझ अद-दौला समजला. ज्याच्यावर आपला विश्वास नाही असाच खलिफा सोयीचा. शिवाय बगदादची बरीच प्रजा सुन्नी, आणि पूर्वेकडचे सामानी राज्यही सुन्नी. खलिफा आपल्या वाड्यात असणे म्हणजे शेजाऱ्यांना किताब देण्याचे दुकान आपल्या ताब्यात असणे.

अधिकार गेल्यावर खलिफाकडे उरले तरी काय?

तीन गोष्टी. शुक्रवारच्या खुत्ब्यात, म्हणजे प्रवचनात, नाव, नाण्यावर नाव, आणि दुसऱ्याला सनद, किताब व मानाची वस्त्रे देण्याचा हक्क. ही शोभेची कामे वाटतील, पण वर्तमानपत्र नसलेल्या जगात राज्य कोणाचे हे सामान्य माणसाला कळायचे दोनच मार्ग होते: शुक्रवारी मशिदीत कोणाचे नाव घेतले, आणि हातातल्या नाण्यावर कोणाचे आहे. बंड करणारा सुभेदार सर्वांत आधी खुत्ब्यातून नाव गाळायचा.

हे उरलेपण खलिफांनाही नीट कळत होते. ९७२ साली रोमी, म्हणजे बायझंटाइन, फौजांनी सरहद्दीवर लूट केली. बगदादचे लोक खवळले. बुवैही अमीर बख्तियारने खलिफा अल-मुतीकडे धर्मयुद्धासाठी पैसा मागितला. अल-मुतीने दिलेले उत्तर इतिहासकारांनी जपून ठेवले आहे. त्याचा आशय असा: दुनिया माझ्या हातात असती, पैसा आणि फौज माझ्याकडे असती, तर युद्ध माझे कर्तव्य होते. माझ्याकडे पोटापुरते आहे. सगळे तुमच्याकडे आणि सुभेदारांकडे आहे. माझे फक्त नाव तुम्हाला हवे असते, मशिदीतल्या व्यासपीठावरून उच्चारायला, म्हणजे प्रजा शांत राहते. तेही सोडावे असे वाटत असेल तर सोडतो.

अमीराने धमकी दिली. खलिफाने घरातले कपडे आणि सामान विकून चार लाख दिरहम जमवले. बख्तियारने ते घेतले आणि दुसरीकडेच उडवले. रोमी राहिले बाजूला.

मग तलवारवाले त्याच्यापुढे वाकत तरी का?

कारण त्या वाकण्यातून त्यांनाच काही मिळत होते. बुवैहींमधला सर्वांत बलवान अझुद अद-दौला. त्याने खलिफा अत-ताईकडून घेतलेल्या वस्त्रांच्या समारंभाचे वर्णन दरबारातल्या माणसांकडून आपल्यापर्यंत आले आहे. खलिफा उंच आसनावर, समोर पडदा. अंगावर पैगंबरांची चादर म्हणून जपलेली ‘बुर्दा’, हातात त्यांची काठी, कमरेला तलवार, पुढ्यात हजरत उस्मान यांचे मानले जाणारे कुराण. पडदा उचलला गेला आणि अझुद अद-दौलाने जमिनीचे चुंबन घेतले. सोबतचा एक दैलमी सरदार चक्रावला. त्याने विचारले, हा काय देव आहे? अझुद अद-दौला म्हणाला, हा पृथ्वीवरचा देवाचा खलिफा आहे. थोडे पुढे जाऊन पुन्हा चुंबन, असे करत तो आसनापाशी पोचला. मग खलिफाने राज्याचा सारा कारभार त्याच्यावर सोपवल्याचे जाहीर केले.

सोपवला म्हणजे काय, तो आधीपासून त्याच्याकडेच होता. ज्या खलिफाचा वाडा आपल्याच भत्त्यावर चालत होता त्याच्यापुढेच अझुद अद-दौला सात वेळा जमिनीला ओठ लावत होता म्हणा ना. पण पाहणाऱ्या दैलमी शिपायाला त्या दिवशी एवढेच कळले की आपला मालक नुसता दांडगा नाही, त्याला वरून हुकूम आहे. अझुद अद-दौलाला हवे होते ते हेच. ९९१ मध्ये त्याच्या मुलाने, बहा अद-दौलाने, याच अत-ताईला आसनावरून खाली ओढवले.

हे सातारचे छत्रपती आणि पेशवे यांच्यासारखे झाले का?

मराठी वाचकाला हे आठवणारच, आणि तुलना बरीच जुळते. पुण्यात सगळी सत्ता असूनही नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून यावी लागत. वस्त्रे येईपर्यंत पेशवा पुरता पेशवा नसे. १७९२ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची, फर्माने पुण्यात आणून मोठा दरबार भरवला. तो बादशहा महादजींच्याच आधाराने गादीवर होता.

पण एका ठिकाणी तुलना तुटते. साताऱ्याच्या वस्त्रांना मान होता तो मराठी राज्यात. बगदादच्या वस्त्रांचा मान बगदादच्या अमीराच्या हद्दीबाहेरही होता. अफगाणिस्तानातल्या गझनीच्या महमूदाला ‘यमीन अद-दौला’ किताब खलिफा अल-कादिरकडून मिळाला. दिल्लीच्या इल्तुतमिशला १२२९ मध्ये बगदादहून सनद आणि वस्त्रे आली. बगदादची फौज दिल्लीला कधी येणार नव्हती आणि इल्तुतमिशला हे पक्के ठाऊक होते. त्याला हवी होती ती आपल्याच तुर्क सरदारांवर चालणारी मोहर. काल आपल्यासारखाच गुलाम असलेल्या माणसाचे का ऐकायचे, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदात होते.

म्हणजे नंतरचे सगळे खलिफा बाहुले होते?

नाही, आणि सरसकट तसे लिहिणाऱ्यांशी माझे भांडण आहे. अल-कादिर (९९१ ते १०३१) याच्याकडे फौज नव्हती, पण त्याने एक रिकामी जागा हेरली. बुवैही आपसांत लढून दुबळे झाले होते आणि इजिप्तमध्ये फातिमी घराण्याने आपली वेगळी शिया खिलाफत मांडली होती. कादिरने सुन्नी श्रद्धा काय हे सांगणारा मजकूर काढला आणि तो राजवाड्यात जाहीर वाचला जाऊ लागला. मामूनने जे फटक्यांनी करायचा प्रयत्न केला, ते याने उलेमांना बरोबर घेऊन साधले. तलवार नसलेला खलिफा सुन्नींचा पालक म्हणून उभा राहिला.

पुढे सेल्जुक तुर्क आले, सुन्नी असूनही त्यांनी सत्ता स्वतःकडेच ठेवली. ‘सुलतान’ हा शब्द राज्यकर्त्याचा अधिकृत किताब म्हणून रुळला तो त्यांच्या काळात. राज्य सुलतानाचे, मान्यता खलिफाची, ही वाटणी ठरून गेली. सेल्जुक ढिले पडल्यावर अन-नासिर या खलिफाने (११८० ते १२२५) इराकवर पुन्हा स्वतःचे राज्य चालवले. उतरण एकसारखी नव्हती.

धर्मशास्त्राने ही परिस्थिती कशी मान्य केली?

अल-मावर्दी (मृत्यू १०५८) या काझीने त्याला वाट काढून दिली. खलिफाने नेमलेला सुभेदार हा एक प्रकार. बळाने सुभा घेऊन नंतर मान्यता मागणारा हा दुसरा. दुसरा प्रकार नियमाला धरून नाही, पण तो खलिफाला मानत असेल आणि शरीयतीप्रमाणे न्याय आणि कर चालवत असेल, तर खलिफाने त्याला सनद द्यावी, म्हणजे काझ्यांचे निवाडे, लग्ने, वारसा हे सारे वैध राहील. लबाडी म्हणायची तर म्हणा. मला यात कोर्टातल्या माणसाचा व्यवहारीपणा दिसतो. वर कोणीही असला तरी खाली दस्तऐवज बेकायदा ठरता कामा नयेत, ही त्याची काळजी होती.

१२५८ मध्ये मंगोलांनी खलिफाला मारले. तिथे खिलाफत संपली ना?

बगदादची संपली. हुलागूने अल-मुस्तसिमला मारले. तीन वर्षांनी, १२६१ मध्ये, कैरोला अब्बासी असल्याचे सांगणारा एक माणूस आला. इजिप्तचा ममलूक सुलतान बैबर्सने काझीपुढे त्याच्या वंशावळीची साक्षीपुराव्याने शहानिशा करवली आणि त्याला खलिफा केले. नव्या खलिफाने लगेच बैबर्सला सुलतानपदाची वस्त्रे दिली. त्याच वर्षी लहानशी फौज देऊन त्याला बगदाद परत घ्यायला धाडले आणि मंगोलांनी त्याला वाटेत संपवले. मग दुसरा अब्बासी शोधला, आणि याला मात्र कैरोतच ठेवले. पुढची अडीचशे वर्षे हे कैरोचे खलिफा नव्या सुलतानाच्या राज्यारोहणाला हजर राहत आणि सण-समारंभाला शुभेच्छा द्यायला जात.

या काळातली सगळ्यात बोलकी साक्ष दिल्लीच्या नाण्यांची आहे. मुस्तसिम मेल्यावरही तिथल्या नाण्यांवर त्याचेच नाव जवळपास चाळीस वर्षे पडत राहिले. बातमी पोचली नव्हती असे नाही, बगदाद पडल्याचा हाहाकार सगळीकडे झाला होता. पण दुसरे नाव घालणार कोणाचे? म्हणून नाण्यावर खलिफाचे नाव दिसले की तो जिवंत होता, किंवा त्याची तिथे सत्ता होती, असे समजू नये. नाणे पाडणाऱ्याला कोणाच्या नावाची गरज होती एवढेच त्यातून कळते.

दख्खनचा याच्याशी काही संबंध आला का?

आला. राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवणारा मुहंमद तुघलक उत्तर आयुष्यात या विषयाने झपाटला. चहूकडे बंडे होत होती आणि आपल्या सुलतानपदाला खलिफाची मान्यता नाही हे त्याच्या मनाने घेतले. त्याने नाण्यांवरून स्वतःचे नाव काढून कैरोच्या अल-मुस्तक्फीचे घातले. इतिहासकार बरनी सांगतो की मान्यता येईपर्यंत शुक्रवारची आणि ईदची नमाजही थांबवली. गंमत म्हणजे ही नाणी पडू लागली तोवर मुस्तक्फी वारला होता. १३४४ मध्ये कैरोचा वकील सनद घेऊन आला तेव्हा सुलतान पायी त्याला सामोरा गेला.

त्या सनदेने दख्खनमधले बंड थांबले नाही. तीन वर्षांत, १३४७ मध्ये, बहमनी राज्य उभे राहिले. आणि त्यांनी काय केले? फरिश्ता लिहितो की दुसऱ्या बहमनी सुलतानाची, मुहंमद शाहाची, आई मक्केच्या यात्रेला गेली तेव्हा तिने कैरोच्या खलिफाकडून मुलाच्या नावे खुत्बा आणि नाण्यांची परवानगी मिळवली. धनी आणि बंडखोर दोघांनी एकाच दारातून कागद आणला.

उस्मानी सुलतानांना खिलाफत १५१७ साली विधिवत मिळाली हे खरे का?

उस्मानी, म्हणजे ऑटोमन, सुलतान सलीमने कैरो जिंकले आणि शेवटच्या अब्बासीला इस्तंबूलला नेले, एवढे खरे. त्या अब्बासीने समारंभपूर्वक पद सलीमला दिले ही कथा मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस पुढे येते, त्या वेळच्या कागदांत ती सापडत नाही. तेव्हा सलीमला त्याची गरजही नव्हती, मक्का-मदिनेचा सेवक हा किताब त्याला जास्त मोलाचा वाटला. मुघलांनीही उस्मानींचे वरिष्ठपण मानले नाही. शाहजहानच्या दिल्लीला ‘दार-उल-खिलाफत’, म्हणजे खिलाफतीचे स्थान, म्हणत.

कथेची गरज पडली ती प्रदेश गमावू लागल्यावर. १७७४ मध्ये रशियाकडून हरल्यावर क्रिमिया सुलतानाच्या राज्यातून गेला, पण तहात असे कलम घातले की तिथले मुसलमान धर्माच्या बाबतीत सुलतानालाच खलिफा मानतील. राज्य नसलेल्या मुलखावर धार्मिक अधिकार, ही पोपसारखी कल्पना इथे कागदावर आली. नंतर सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने याच कल्पनेवर परराष्ट्र धोरण चालवले. हिंदुस्थानातल्या खिलाफत चळवळीच्या मनातला खलिफा हाच होता, मदिनेतला किंवा बगदादचा नव्हे.

शेवट कसा झाला?

नोव्हेंबर १९२२ मध्ये अंकाराच्या विधानसभेने सुलतानपद रद्द केले आणि अब्दुल मजीद दुसरा याला नुसता खलिफा म्हणून निवडले. सुलतान नसलेला खलिफा उस्मानी घराण्यात हा पहिलाच. ३ मार्च १९२४ रोजी तेही पद रद्द झाले आणि त्याला कुटुंबासह देशाबाहेर पाठवले. हैदराबादच्या निजामाने त्याला तनखा बांधून दिला, आणि १९३१ मध्ये त्याची मुलगी दुर्रुशेवार निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याला दिली.

१९४४ मध्ये अब्दुल मजीद पॅरिसमध्ये वारला. त्याच्यासाठी निजामाच्या मुलखात, आपल्या खुलताबादजवळ, मकबरा बांधला गेला होता. तिथे त्याला आणता आले नाही. पार्थिव दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत राहिले आणि अखेर मदिनेत दफन झाले. खुलताबादचा तो मकबरा रिकामाच आहे.